उशिराबद्दलचा माफीचा ईमेल: इंग्रजी मसुद्यावरून मराठी पत्र कसं लिहावं

प्रश्न: वागळे इस्टेटला आमचा किचन ट्रॉलीचा छोटा कारखाना आहे. ऐरोलीच्या एका ग्राहक मॅडमना 14 नोव्हेंबरला फिटिंग करून देतो असं सांगितलं होतं, पण तीन खण ज्यांवर सरकतात ते चॅनेल सप्लायरकडून 10 ऐवजी 17 ला येतील, म्हणजे खण 19 ला बसतील. 16 ला त्यांच्याकडे वास्तुशांत आहे. माझे पार्टनर मल्याळी आहेत, त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून माफीचा ईमेल मी आधी सोप्या इंग्रजीत लिहितो, ते बघतात आणि मग मी मराठी करतो. इंग्रजी ठीक वाटतं, पण मराठी वाचलं की नोटीस आल्यासारखं वाटतं. काय बदलू?

उत्तर:

ठाणे आणि तुर्भे भागातल्या कारखानदारांसाठी ग्राहकांची पत्रं लिहिणं आणि भाषांतरित करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि उशिराच्या पत्रात ही अडचण सतत दिसते. इंग्रजीतून सुरुवात करण्यात काही गैर नाही. उलट सोपं इंग्रजी माणसाला एका वाक्यात एकच गोष्ट सांगायला भाग पाडतं, आणि पार्टनरना काय कबूल केलं जातंय ते कळायलाच हवं. पत्र बिघडतं ते दोन ठिकाणी. इंग्रजी मसुद्यात माहितीच्या जागी ठरावीक वाक्यं येतात, आणि मग त्या वाक्यांची एकेक करून मराठी वाक्यं केली जातात. म्हणून आधी मसुद्याबद्दल बोलते, मग मराठीबद्दल. इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीतच लिहिते.

अशा मसुद्यांत हमखास सापडणारी वाक्यं ही: ‘ड्यू टू अनफोरसीन सर्कमस्टन्सेस’, ‘वी रिग्रेट द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड’, ‘वी विल डिलिव्हर अ‍ॅट द अर्लिएस्ट’, ‘थँक यू फॉर युवर पेशन्स’. ही चारही वाक्यं काढली तर पत्रातली कोणती माहिती कमी होते ते बघा. एकही नाही. पण त्यांचं मराठी केलं की ‘अपरिहार्य कारणास्तव’, ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’, ‘लवकरात लवकर’ आणि ‘आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत’ असं वाचावं लागतं. लोकल उशिरा धावत असताना फलाटावर जी उद्घोषणा होते त्याच धर्तीचं हे आहे. ऐरोलीच्या त्या बाई ती भाषा रोज ऐकतात आणि ती कुणा एका माणसासाठी नसते हेही त्यांना माहीत आहे. तुम्हाला नोटिशीसारखं वाटतं ते याचमुळे.

त्यातही शेवटचं वाक्य मराठीत फार वाईट लागतं. इंग्रजीत संयमाबद्दल आभार मानणं ही निव्वळ रीत आहे. मराठीत मात्र ज्यांनी अजून उशीर सहन करायचं कबूलही केलेलं नाही, त्यांच्या संयमाचे आभार मानले की तो टोमणा वाटतो. ते वाक्य सरळ काढून टाका, त्याच्या जागी काहीही घालायची गरज नाही.

मसुदा लिहिताना मी ग्राहकाच्या मनात येणाऱ्या प्रश्नांच्या क्रमाने जाते. काय येणार नाही? मग केव्हा येणार? का? माझ्या घरच्या कार्याचं काय? माझे पैसे कुठे आहेत? आता मी काय करायचं? तुमच्या प्रकरणात यातला चौथा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. 19 तारखेला काम झालं काय किंवा 24 ला झालं काय, वास्तुशांत त्याच्या आधीच होऊन गेलेली असेल. म्हणजे तुमच्या पत्राचा खरा विषय 16 तारखेचा रविवार आहे. त्या दिवशी घरात पाहुणे असतील, चहा आणि नैवेद्य करायचा असेल, आणि ओट्याखाली रिकामी जागा असेल. हे तुम्हाला ठाऊक आहे, एवढं जरी पत्रातून कळलं तरी बाईंचा अर्धा राग तिथेच थांबतो.

म्हणून लिहायला बसण्याआधी कारखान्यात जाऊन एक गोष्ट विचारा: चॅनेल नसतील तर 14 तारखेला काय काय बसू शकतं? चॅनेल फक्त खणांना लागतात. सिंकखालचं आणि शेगडीखालचं कपाट, भिंतीवरची कपाटं, दारं आणि बिजागऱ्या यांचा चॅनेलशी संबंध नाही. प्लाय कापून तयार असेल, लॅमिनेट चढलेलं असेल, तर शुक्रवारी तीन खण सोडून बाकी सगळं बसवता येईल आणि रविवारी स्वयंपाकघर वापरता येईल. माफीच्या पत्राला वजन येतं ते अशा गोष्टीमुळे, आणि ती टेबलावर बसून सुचत नाही, सुपरवायझरला विचारावी लागते. मात्र ती परस्पर ठरवू नका. काही घरांत कार्याआधी दोन दिवस घरात भुसा आणि ड्रिलचा आवाज नको असतो. निवड बाईंना करू द्या.

आता कारणाबद्दल, कारण पत्र सगळ्यात जास्त इथेच घसरतं. कारण खरं असावं, एका-दोन वाक्यांचं असावं, आणि जेवढा उशीर आहे तेवढा त्याने समजावा. ट्रॅफिकचं कारण ठाण्यात सगळेच देतात. पण घोडबंदर रोडला गाडी अडकली तर दोन तास जातात, पाच दिवस नाही. शिवाय वागळे इस्टेटहून ऐरोलीला जाणारी गाडी मुलुंड-ऐरोली पुलावरून किंवा कळव्याकडून ठाणे-बेलापूर रोडने जाते, घोडबंदरला ती जातच नाही. नकाशा डोक्यात असलेला ग्राहक असं वाक्य वाचून बाकीच्या पत्रावरचा विश्वासही काढून घेतो. तुमचं खरं कारण पुरेसं आहे: चॅनेल 10 तारखेला मिळायला हवे होते, ते 17 ला मिळतील. त्याच्यापुढे एक वाक्य जोडा: ते वेळेत मागवून ठेवणं आमचं काम होतं. सप्लायरचं नाव घालू नका. बाईंनी व्यवहार तुमच्याशी केला आहे, आणि नाव घातलं की जबाबदारी पुढे ढकलल्यासारखं दिसतं.

पार्टनर इथे हरकत घेतील, बहुतेक जण घेतात. लेखी कबुली दिली तर उद्या अंगाशी येईल, असं त्यांचं म्हणणं असतं. हे नीट समजावून सांगा. उशीर झाला हे सिद्ध करायला तुमच्या कोटेशनवरची 14 तारीख पुरेशी आहे, त्यासाठी तुमच्या माफीची गरज नाही. दुसरीकडे, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे तिच्यात ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. म्हणजे 17 तारीख तुम्हाला आजच माहीत असताना ‘लवकरात लवकर’ लिहिणं हेच जास्त धोक्याचं आहे. तुमचा माल एखाद्या ऑनलाइन बाजारपेठेवरून विकला जात असेल तर 2020 चे ई-कॉमर्स नियमही बघून ठेवा. सांगितलेल्या वेळेनंतर आलेला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याला त्यात नकार देता येत नाही, अपवाद फक्त कुणाच्याच हातात नसलेल्या संकटाचा. सप्लायरचा उशीर त्या अपवादात बसेल असं धरून चालू नका. कबूल करायचं ते झालेलं तेवढंच. बाईंचं काय आणि किती नुकसान झालं याबद्दल स्वतःहून काही लिहू नका, आणि करारात उशिराच्या दंडाचं कलम असेल तर पत्र पाठवण्याआधी वकिलाला दाखवा.

एवढं ठरलं की इंग्रजी मसुदा असा होतो: ‘वी प्रॉमिस्ड टू फिनिश युवर किचन ट्रॉलीज ऑन फ्रायडे, 14 नोव्हेंबर. वी विल नॉट फिनिश ऑन दॅट डे. द डिले इज अवर फॉल्ट अँड वी आर सॉरी. वी नो यू हॅव अ वास्तुशांत ऑन संडे. द ड्रॉवर चॅनेल्स विल कम ऑन 17 नोव्हेंबर. एव्हरीथिंग एल्स इज रेडी.’ त्यापुढे दोन पर्याय, पैशाचा हिशेब आणि उत्तर केव्हापर्यंत हवं ते. शाळेतल्या मुलालाही समजेल असं इंग्रजी आहे आणि पार्टनर ते दोन मिनिटांत वाचून मंजूर करतील.

मग हा मसुदा बाजूला ठेवा. त्याच्यातल्या तारखा, वार, वेळा, रकमा आणि कामांची नावं एका कागदावर उतरवून घ्या, इंग्रजी खिडकी बंद करा आणि त्या कागदावरून मराठी पत्र लिहा. समोर इंग्रजी वाक्य असलं की हात त्याच्याच साच्यात मराठी शब्द भरतो. कागदावर फक्त ‘17, सोमवार, चॅनेल’ असेल तर वाक्य तुमचं तुम्हाला करावं लागतं. पत्र झालं की इंग्रजी पुन्हा उघडून आकडे ताडून बघायचे, बस.

मराठी लिहिताना चार जागा अशा येतात जिथे तुमच्यासारख्या पत्रांचा सूर बिघडतो.

पहिली जागा क्रियापदाची. इंग्रजी ‘इज डिलेड’चं मराठी लोक ‘विलंब करण्यात आला आहे’ असं करतात. यात भाषा सरकारी होते हा एक भाग झाला. मोठा दोष अर्थाचा आहे: ‘करण्यात आला’ म्हटलं की कुणीतरी ठरवून केलं असं निघतं. ‘उशीर झाला’ एवढंच लिहिलं तर पाऊस पडावा तसा तो आपोआप झाला असं वाटतं. या दोन्हींच्या मधलं वाक्य मराठीत तयार आहे: ‘उशीर आमच्याकडून झाला’. मुद्दाम केला नाही, पण जबाबदारी आमची, हे दोन्ही त्या ‘कडून’मध्ये येतं. इंग्रजीत यासाठी वेगळं वाक्य लिहावं लागतं.

भविष्यकाळातही तेच होतं. ‘ट्रॉली बुधवारी पोहोचेल’ हा अंदाज झाला, ‘पोहोचवली जाईल’ ही सूचना झाली, आणि ‘बुधवारी पोहोचवू’ हा शब्द दिला गेला. इंग्रजी ‘विल बी डिलिव्हर्ड’मधून थेट आलात तर पहिल्या दोनांपैकी एक हाती लागतं. तुम्ही ज्या गोष्टींची हमी देऊ शकता तिथे ‘बसवू’, ‘पाठवू’, ‘घेणार नाही’ असंच लिहा. चॅनेल मात्र सप्लायर आणणार आहे, तिथे ‘येतील’ हेच खरं. हा फरक वाचणाऱ्याला कळतो.

दुसरी जागा ‘आपण’ची. आदर दाखवायचा म्हणून पत्रात ‘आपण’ घातलं जातं आणि गोंधळ होतो, कारण मराठीत ‘आपण’ म्हणजे तुम्हीही आणि आपण सगळेही. ‘आपण शुक्रवारी वेळ ठरवू’ हे वाचून बाई विचार करतील की वेळ आम्ही कळवायची की हे फोन करणार. ‘आपली ऑर्डर’, ‘आपल्या कारखान्यात’ ही वाक्यं एकाखाली एक आली की कोणाचं काय ते शोधावं लागतं. ठाणे-नवी मुंबईत ग्राहकाशी आपण समोरासमोर ‘तुम्ही’नेच बोलतो, त्यात अनादर नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ ठेवा. मायना ‘प्रिय ग्राहक’ असा नको. मराठीत ‘प्रिय’ एकतर घरच्यांना लिहितात किंवा जाहिरातीत. ‘नमस्कार’ आणि पुढे आडनाव-मॅडम, ज्या नावाने तुम्ही फोनवर बोलता तेच.

तिसरी जागा वाक्याच्या क्रमाची, आणि ही सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. इंग्रजीत ‘वी कॅनॉट फिनिश ऑन फ्रायडे बिकॉज द चॅनेल्स आर लेट’ म्हटलं की आधी बातमी येते आणि मग कारण. मराठीची सहज घडण उलटी आहे: ‘चॅनेल उशिरा येत असल्यामुळे शुक्रवारी काम पूर्ण होणार नाही’. क्रियापद शेवटी, कारण आधी. व्याकरणात काहीच चूक नाही, पण माफीच्या पत्रात सबब पुढे उभी राहते आणि बातमी तिच्या मागे लपते. यावर उपाय पूर्णविराम. बातमी एका वाक्यात, माफी दुसऱ्या, आणि कारण त्यानंतर स्वतंत्र परिच्छेदात. ‘त्यामुळे’, ‘असल्याने’, ‘कारणास्तव’ हे शब्द पत्राच्या पहिल्या परिच्छेदात दिसले तर तिथे तोडा.

याच ओघात ‘काही गैरसोय झाली असल्यास क्षमस्व’ या वाक्याचं सांगते. ‘असल्यास’ म्हणजे झाली की नाही याबद्दल तुम्हाला शंका आहे. वास्तुशांतीच्या घरी अशी शंका घेऊ नका. ‘क्षमस्व’ पाटीवर शोभतं, ‘खेद वाटतो’ दुसऱ्याच्या चुकीबद्दलही म्हणता येतं, ‘दिलगीर आहोत’ छोट्या उशिराला चालतं. घरच्या कार्याची तारीख हुकवली असेल तर ‘आम्ही तुमची माफी मागतो’ हेच लिहा, आणि एकदाच लिहा. तीनदा मागितलेल्या माफीने पत्र लांबतं आणि वाचणारी व्यक्ती तारीख शोधत राहते.

चौथी जागा तारखांची. तुमच्या पत्रात दोन बुधवार आहेत: उत्तर हवं तो 12 चा आणि खण बसवायचा 19 चा. ‘येत्या बुधवारी’ आणि ‘पुढच्या बुधवारी’ लिहिलंत तर दोघांचा हिशेब जुळेलच असं नाही. ‘दोन-तीन कामाचे दिवस’ हाही असाच प्रकार. तुमच्या कारखान्याची सुट्टी कधी आणि त्यांच्या सोसायटीत ड्रिल कधी चालत नाही, हे दोन्ही त्यात धरावं लागतं. प्रत्येक ठिकाणी वार आणि तारीख दोन्ही लिहा, आणि ‘पर्यंत’ आलं की वेळही द्या. इंग्रजीत ‘बाय वेन्सडे’ लिहून सोडलेलं असेल तर ते तिथेच दुरुस्त करा, म्हणजे पार्टनरनी मंजूर केलेलं आणि बाईंनी वाचलेलं एकच राहील.

पैशाचा परिच्छेद बरेच जण गाळतात, तो गाळू नका. समजा एकूण 1,80,000 रुपयांचं काम आहे, 60 टक्के म्हणजे 1,08,000 रुपये आगाऊ घेतलेत आणि 72,000 बाकी आहेत. ज्यांचे लाखभर रुपये तुमच्याकडे आहेत, त्यांना उशिराचं पत्र आलं की आधी त्या रुपयांची काळजी वाटते. बाकी रक्कम काम पूर्ण झाल्यावरच घेऊ, असं स्पष्ट लिहा. सूट द्यायची तर कमी असली तरी ठरलेली रक्कम द्या. ‘योग्य ती सवलत’ लिहिलं की वाद सुरू होतो. फिटिंगचे 4,500 सोडणार असाल तर नवा आकडा तुम्हीच काढून द्या: 67,500. वजाबाकी ग्राहकावर सोडली की 19 तारखेला दारात उभं राहून हिशेब करावा लागतो. इंग्रजी मसुद्यात ‘वी विल वेव्ह फिटिंग चार्जेस’ एवढंच असेल तर पार्टनरनाही तो अंतिम आकडा दिसू द्या.

हे सगळं धरून पत्र असं होईल. विषयाच्या ओळीपासून देते, कारण फोनवर तिचे पहिले काही शब्दच दिसतात आणि तारीख तिथेच हवी.

विषय: 14 नोव्हेंबरचं ट्रॉलीचं काम: तीन खण राहतील, तुमचा निर्णय हवा

नमस्कार मॅडम,

तुमच्या ऐरोलीच्या घरातल्या किचन ट्रॉलीचं काम शुक्रवारी, 14 नोव्हेंबरला पूर्ण करून देऊ असं आम्ही सांगितलं होतं. ते त्या दिवशी पूर्ण होणार नाही. हा उशीर आमच्याकडून झाला आहे. आम्ही तुमची माफी मागतो.

रविवारी, 16 तारखेला तुमच्याकडे वास्तुशांत आहे आणि त्या दिवशी स्वयंपाकघर वापरता यायला हवं, हे तुम्ही ऑर्डर देतानाच सांगितलं होतं. ते लक्षात ठेवूनच पुढचं ठरवलं आहे.

खणांचे चॅनेल आम्हाला 10 तारखेला मिळायला हवे होते. ते आता सोमवारी, 17 तारखेला येतील. ते वेळेत मागवून ठेवणं आमचं काम होतं. बाकीचं सगळं सामान तयार आहे.

आता दोन पर्याय आहेत. पहिल्या पर्यायात आमची माणसं शुक्रवारी, 14 तारखेला सकाळी 10 वाजता येतील आणि त्याच दिवशी सिंकखालचं व शेगडीखालचं कपाट, भिंतीवरची कपाटं आणि त्यांची दारं बसवून जागा झाडून देतील. रविवारी फक्त तीन खणांची जागा मोकळी दिसेल. ते खण बुधवारी, 19 तारखेला सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळात बसवू. कार्याच्या आधी घरात काम नको असेल तर दुसरा पर्याय असा, की सगळं काम बुधवारी, 19 आणि गुरुवारी, 20 तारखेला करू.

यातलं तुम्हाला काय सोयीचं आहे ते बुधवारी, 12 तारखेला संध्याकाळी 6 पर्यंत कळवा. या ईमेलला उत्तर दिलंत तरी चालेल. तोपर्यंत उत्तर आलं नाही तर आम्हीच फोन करू. सोसायटीच्या गेटवर द्यायला येणाऱ्या माणसांची नावं आदल्या दिवशी पाठवू.

फिटिंगचे 4,500 रुपये आम्ही घेणार नाही. बाकी 72,000 ऐवजी 67,500 रुपये राहतात. तेही सगळे खण बसल्यावर आणि तुम्ही उघडून बघितल्यावरच द्या.

खाली तुमचं नाव, कारखान्याचं नाव आणि जो नंबर तुम्ही स्वतः उचलता तो.

या पत्रात ‘कृपया’ एकदाही नाही हे बघा. इंग्रजीत ‘प्लीज’ नसेल तर हुकूम वाटतो, पण मराठीत ‘कळवा’, ‘चालेल’ आणि ‘तुम्हाला काय सोयीचं आहे’ यातच नम्रता आलेली असते. प्रत्येक वाक्याआधी ‘कृपया’ लावलं की बँकेचा फॉर्म तयार होतो. हेही बघा, की मराठी पत्र इंग्रजीपेक्षा थोडं लांब झालं आहे आणि वाक्यांची संख्या जुळत नाही. ती जुळायलाच नको. जुळायला हवेत ते आकडे: 14, 16, 17, 12, 19, 20, आणि रकमा. एकेकावर बोट ठेवून ताडा.

पत्र पाठवण्याआधी एक चाचणी करा. ज्याने इंग्रजी मसुदा पाहिलेला नाही अशा कारखान्यातल्या कुणालाही पत्र मोठ्याने वाचायला द्या आणि मग कागद काढून घेऊन विचारा: चूक कोणाची, रविवारी काय तयार असेल, बाईंनी काय करायचं आणि केव्हापर्यंत? वाचताना तो जिथे अडखळेल तिथे वाक्य मोडा. ‘चूक सप्लायरची’ असं उत्तर आलं तर कारणाचा परिच्छेद पुन्हा लिहा. ‘बुधवारी’ एवढंच उत्तर आलं तर कोणता बुधवार ते विचारा.

टायपिंगबद्दल थोडंसं. मराठी युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये लिहून ईमेलमध्ये चिकटवलं तर समोरच्या फोनवर निरर्थक अक्षरं दिसतात, आणि तुमच्या संगणकावर तो फॉन्ट असल्यामुळे तुम्हाला सगळं ठीक दिसत राहतं. म्हणून आधी स्वतःच्या फोनवर पाठवून बघा. पत्र पीडीएफ करून जोडू नका, ईमेलमध्येच लिहा, म्हणजे बाईंना त्यातली तारीख शोधता येईल आणि घरच्यांना पुढे पाठवता येईल.

पाठवायचं केव्हा, तर उशीर नक्की कळला त्याच दिवशी. 11 तारखेला गेलेल्या पत्रात दोन पर्याय आहेत. तेच पत्र 13 ला गेलं तर पहिला पर्याय जवळजवळ संपलेला असेल, कारण सोसायटीची परवानगी आणि घरातली आवराआवर एका रात्रीत होत नाही. शक्य असेल तर आधी फोन करा, बातमी तुमच्या तोंडून कळू द्या, आणि ‘तारखा आणि रकमा लेखी पाठवतो’ असं सांगून लगेच ईमेल पाठवा.

चॅनेल 17 ला आले नाहीत, तर हेच पत्र तारखा बदलून पुन्हा पाठवू नका. दुसऱ्यांदा तारीख हुकली की नव्या तारखेवर कुणी विश्वास ठेवत नाही. त्या दिवशी तुम्ही किंवा पार्टनर ऐरोलीला जा, दुसऱ्या कंपनीचे चॅनेल बाजारातून घेऊन बसवणार असाल तर त्यांचा नमुना बरोबर न्या, आणि बाईंनी आगाऊ रकमेतला काही भाग परत मागितला तर किती देऊ शकता हे घरून निघण्याआधी दोघांनी ठरवून ठेवा. तिथे जे ठरेल ते संध्याकाळी चार ओळींत ईमेलवर लिहून पाठवा, त्यात माफी एका वाक्याची आणि बाकी फक्त ठरलेलं.